उत्तर आलं नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

एकटी राहणारी आई आणि दुसऱ्या गावातली मुलगी, एवढंच चित्र समोर ठेवू. रोज सकाळी 8 वाजता आईच्या फोनवर आपोआप निरोप जातो: "आई, उठलीस का? जमेल तेव्हा अंगठा पाठव." उत्तर आलं की विषय संपला, मुलीला काही कळवलं जात नाही. नाही आलं तर 9 वाजता एक आठवण जाते, आणि 9:45 पर्यंत शांतताच असेल तर मुलीचा फोन वाजतो.

आता वेळेचा हिशोब मांडू. आईनं 8:10 ला अंगठा पाठवला आणि 8:15 ला ती न्हाणीघरात पडली. मुलीला कधी कळेल? दुसऱ्या दिवशी 9:45 ला, म्हणजे साडेपंचवीस तासांनी. पडलेलं माणूस तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर राहिलं की शरीरातलं पाणी कमी होणं, दाबानं कातडी आणि स्नायू दुखावणं हे धोके वाढू लागतात. म्हणून ही सोय पडल्यावर दाबायच्या गळ्यातल्या बटणाची जागा घेऊ शकत नाही. ज्यांना आधी पडण्याचा इतिहास आहे त्यांच्यासाठी बटण वेगळं हवंच.

हा आकडा ऐकून बहुतेकांना वाटतं, वाट पाहण्याची वेळ कमी करू. 45 मिनिटांऐवजी 15 करा, वाचतो फक्त अर्धा तास; आणि आई नुसती अंघोळीला गेली असली तरी मुलीला हाक जाते. अशा चार-पाच खोट्या हाका झाल्या की खरी हाकही "फोन चार्जिंगला लावला असेल" म्हणून सोडून दिली जाते. त्यापेक्षा संध्याकाळी 7 वाजता दुसरा निरोप ठेवा, त्याच अंतरांनी. मग 8:15 ला पडल्याचं रात्री 8:45 ला कळतं. संध्याकाळी उत्तर देऊन 7:15 ला पडली तर सकाळी 9:45 ला, म्हणजे साडेचौदा तासांनी. यातली सगळ्यात वाईट वेळ हीच. उतावीळपणानं अर्धा तास मिळाला होता, दुसऱ्या निरोपानं अकरा तास मिळाले.

शांतता एकाच प्रकारची नसते, आणि बरेच जण इथे फसतात. निरोप पोचून उत्तर न येणं वेगळं आणि निरोप न पोचणं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक असेल तर तो आईच्या फोनपर्यंत गेलेलाच नाही: फोन बंद असेल, नेट संपलं असेल. दोन टिक असूनही उत्तर नसेल तर काळजी जास्त. मुलीला जाणाऱ्या मजकुरात हा फरक दिसला पाहिजे. "निरोप पोचला, 1 तास 45 मिनिटं उत्तर नाही" हे एक. "निरोप पोचलाच नाही, साधा कॉल करून पाहा" हे दुसरं. निळ्या टिकवर मात्र भिस्त ठेवू नका. ती सेटिंगमधून बंद करता येते, आणि निरोप उघडला गेला याचा अर्थ आई बरी आहे असा होत नाही.

तिसरी शांतता यंत्रणेची स्वतःची. सगळं ठीक असताना मुलीला काहीच येत नाही, आणि सर्व्हर बंद पडला तरी काहीच येत नाही! दोन्ही दिवस तिला सारखेच दिसतात. यावर उपाय म्हणजे निरोप पाठवणाऱ्या यंत्रणेनं रोज काम झालं की दुसऱ्या, स्वतंत्र सेवेला खूण पाठवायची. खूण चुकली की ती सेवा मुलीला कळवते. शिवाय "9:45 पर्यंत थांब" हे नुसतं चालू प्रोग्रॅमच्या स्मरणात ठेवू नका. मधेच सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर ते पुसलं जातं. मुदत डेटाबेसमध्ये लिहा आणि दर पाच मिनिटांनी उलटून गेलेल्या मुदती तपासा.

आईच्या बाजूनं मात्र काही कडक नको. ठरावीक शब्दच हवा, आकडाच हवा, असं नाही. अंगठा, फुलाचं चित्र, आवाजातला निरोप, चुकून दाबलेलं अक्षर, सगळं उत्तर म्हणून धरा. आणि हे तिला विचारून सुरू करा. न सांगता केलेली पाळत तिच्या लक्षात येतेच, मग ती मुद्दाम उत्तर देत नाही. गावाला जाताना "चार दिवस थांब" म्हणता आलं पाहिजे, पण पाचव्या दिवशी ते आपोआप सुरू झालं पाहिजे. परत सुरू करायचं लक्षात राहत नाही. आईचं उत्तर 9:50 ला आलं तर मुलीला लगेच "उत्तर आलं" असंही कळवा, नाहीतर ती उगाच वाटेला लागलेली असते.

राहता राहिलं हाक मिळाल्यावरचं काम. मुलगी दुसऱ्या गावात आहे, फोन करण्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. म्हणून त्या मजकुरातच शेजाऱ्यांचा नंबर हवा, आणि दाराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे आधीच दिलेली हवी. मुलीनंही 15 मिनिटांत "पाहिलं" असं कळवलं नाही, तर पुढची हाक थेट त्या शेजाऱ्यांनाच जावी.