बाविसाव्या मिनिटाची दोन वाक्यं

(दृश्य: शिंदखेडा तालुक्यातलं एक गाव. ओटा. पत्र्याच्या पेटीवर घडी उलगडलेला कागद.)

मागच्या हिवाळ्यात याच ओट्यावर मी मावशींची मुलाखत घेतली. कॅमेरा 41 मिनिटं चालला. बोंडअळी, मुलीचं लग्न, सावकार, सगळं त्या अहिराणीत मोकळेपणी बोलल्या. तेव्हाचा होकार फिल्मसाठी होता. आता त्यातली दोन वाक्यं मला वर्तमानपत्रातल्या लेखात हवी होती, म्हणून हे पत्र.

पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'मुलाखतीतला काही भाग वापरू का?' असल्या प्रश्नाला हो म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणं. तो खर्डा फाडला आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. वेळ 22:14.)

मावशी म्हणतात, "लोके म्हनतस, लगीनमा पैसा गया. मन्हा पैसा ते कपाशीमा गया."

माझ्या वहीत मात्र एवढंच होतं: 'लगीनमा पैसा गया.' घाईत 'लोके म्हनतस' सुटलं होतं. वहीवरून छापलं असतं, तर लोकांचा टोमणा मावशींच्याच तोंडी गेला असता, तोही अवतरणचिन्हांत.

(निवेदिका पत्र वाचते.)

"आदरणीय मावशी, नमस्कार. 22 मिनिटं 14 सेकंदांपासूनची तुमची दोन वाक्यं मला कपाशीच्या कर्जावरच्या लेखात छापायची आहेत. ती तुमच्या शब्दांत खाली लिहिली आहेत, शेजारी माझं मराठी आहे. मराठीत अर्थ हलला असेल तर सांगा. तुमचं नाव घालू की नको? सावकाराचं नाव मी घेणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी पान छपाईला जाईल, तोवर नकार कळवला तरी चालेल. उत्तर आलं नाही, तर तो होकार धरणार नाही."

सोबत भाच्याच्या मोबाइलवर तेवढाच तुकडा पाठवला, मागचापुढचा अर्धा मिनिट ठेवून. कागदावरचं वाक्य त्यांना स्वतःच्या आवाजाशी ताडून बघता यायला हवं होतं.

(दृश्य: भाचा मोठ्याने वाचतोय. मावशींचे हात.)

वाक्यांना त्यांची हरकत नव्हती. नाव नको म्हणाल्या. मुलीच्या सासरी पेपर येतो. मग त्यांनी लेखात आणखी काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं: विहिरीलगतची चार एकर, अमुक साली मुलीचं लग्न. मावशी हसल्या. एवढं वाचल्यावर गावात कोण ओळखणार नाही? नाव झाकून मी पत्ताच छापायला निघाले होते. पत्रात फक्त अवतरणाबद्दल विचारलं होतं, भोवतालच्या मजकुराचं मला सुचलंच नव्हतं.

विहीर काढली, साल काढलं, गावाच्या जागी 'धुळे जिल्हा' आलं. पत्राच्या दोन्ही प्रतींवर तसं हातानं लिहिलं. भाच्यानं पेन पुढे केलं, पण मावशींनी आधी कागद त्याच्याकडेच सरकवला.

"परत वाच."