जळालेल्या मागाचे पैसे आले, पण कशाच्या जागी?

मंडळी, इचलकरंजीत यंत्रमागधारकांपुढे बोलायचं म्हणजे उदाहरण मागांचंच घ्यायला हवं. समजा, जूनमध्ये शेडला शॉर्ट सर्किटने आग लागली. निम्मे माग आणि गोदामातलं सूत गेलं. जानेवारीत विमा कंपनीचे सत्तेचाळीस लाख जमा झाले. आता पहिला प्रश्न असतो, "यावर टॅक्स किती?" मी उलटं विचारतो, हे पैसे कशाच्या जागी आले?

सुताचे बारा लाख घ्या. सूत घेतलं तेव्हा ते खर्चात टाकलेलंच आहे. म्हणून ते बारा लाख धंद्याच्या जमेत येतात. खरेदीही बाराचीच असेल तर नफा शून्य. काम बंद राहिल्याच्या भरपाईचे, म्हणजे बुडालेल्या नफ्याचे पाच लाख मात्र सरळ उत्पन्न. नफा आला असता तर त्यावर कर भरलाच असता ना?

मागांचे तीस लाख ही खरी गंमत. १९९१ मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आगीत यंत्र नष्ट होणं म्हणजे ते कुणाला हस्तांतरित करणं नव्हे; मग विम्याच्या पैशावर भांडवली नफा कसला? सरकारला हे पटलं नाही. १९९९ च्या वित्त कायद्याने कलम ४५(१अ) आणलं. पूर, भूकंप, दंगल, अपघाती आग, स्फोट, शत्रूचा हल्ला अशी कारणांची यादीच दिली आणि अशा नुकसानीचे पैसे हाती येतील त्या वर्षी करपात्र केले. चोरी त्या यादीत नाही, त्यामुळे तिथे अजून वाद घालता येतो.

पण मागांवर तुम्ही घसारा घेता, तेव्हा हिशेब एकेका मागाचा नसतो, यंत्रांच्या अख्ख्या गटाचा असतो. घसारा वजा जाऊन गटाची शिल्लक किंमत बावीस लाख आहे असं धरू. विमा आला तीस. वरचे आठ लाख अल्पमुदतीचा भांडवली नफा. माग वीस वर्षं जुने असले तरी अल्पमुदतीचाच! मात्र त्याच आर्थिक वर्षात त्याच गटातले वीस लाखांचे नवे माग घेतले, तर बावीस अधिक वीस, वजा तीस. बारा लाख शिल्लक, नफा नाही, कर नाही. नुसती ऑर्डर देऊन आगाऊ रक्कम पाठवून भागत नाही. माग ३१ मार्चच्या आत तुमच्या मालकीचे व्हायला हवेत. इथे बरेच जण घसरतात.

दुसरी चूक कागदाची. कंपनीचं पत्र 'एकूण ४७ लाख, पूर्ण व अंतिम' एवढंच म्हणतं आणि आपण सही करून मोकळे होतो. मग सूत किती, माग किती, नफा किती, हे अधिकारी त्याच्या सोयीने ठरवतो. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि रकमेची फोड सहीआधीच मागून घ्या.