गळ्यातून न उतरलेली माळ

नमस्कार श्रोतेहो.

जपमाळ म्हणजे काय, ताईत म्हणजे काय, भिंतीवरची देवाची तसबीर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मी आज सांगणार आहे ते या वस्तूंचा अभ्यास कसा करतात याबद्दल. धर्माचा अभ्यास म्हटला की आपल्यासमोर ग्रंथ येतात, तत्त्वज्ञान येतं, वाद येतात. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत धर्माच्या अभ्यासकांचा एक मोठा गट वस्तूंकडे वळला आहे. २००५ साली तर केवळ याच विषयाला वाहिलेलं एक संशोधन-नियतकालिक सुरू झालं. या मंडळींचा प्रश्न साधा आहे. ही वस्तू काय करते? ती कशाचं प्रतीक आहे, हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघायचं की ती काय करते, आणि माणूस तिच्याशी काय करतो.

हे समजावून सांगायचं तर मला एक गोष्ट सांगावी लागेल. ही गोष्ट सांगायला मला फार आवडते, तेव्हा जरा सवडीने ऐका.

लंडनमध्ये एडवर्ड लव्हेट नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १८५२ चा, मृत्यू १९३३ चा. नोकरी बँकेतली. दिवसभर हिशेबाच्या वह्या, आणि उरलेल्या वेळात एकच छंद: शहरातल्या गरीब वस्त्यांतून पायी हिंडायचं, आणि लोक अंगावर, खिशात, उशाशी काय काय बाळगतात ते गोळा करायचं. हातगाडीवाल्यांकडून, झाडपाला विकणाऱ्यांकडून, गोदीवर उतरणाऱ्या खलाशांकडून. भोक पडलेला दगड, वाळलेला बटाटा, प्राण्याचा दात, असल्या वस्तू. त्या काळी लोकसाहित्याचे अभ्यासक जुन्या समजुती शोधायला खेड्यांत जायचे. लव्हेट त्या शोधायला थेट लंडनमध्ये फिरले, म्हणजे त्या काळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात आधुनिक म्हणवणाऱ्या शहरात.

आणि तिथे त्यांना निळ्या माळा सापडल्या.

साध्या काचेच्या मण्यांच्या निळ्या माळा. लहान मुलांच्या गळ्यात, बहुतेकदा कपड्यांच्या आत. दिसायला दागिना. पण विचारलं की उत्तर यायचं, ही छातीच्या विकारासाठी आहे. ब्राँकायटिस होऊ नये म्हणून. एका गल्लीत हे ऐकलं असतं तर ती त्या घरची समजूत म्हणून सोडून देता आली असती. पण लव्हेट शहराच्या वेगवेगळ्या भागांत गेले, आणि भाग बदलला तरी माळ तीच, रंग तोच, रोग तोच. म्हणजे कुठल्याही पुस्तकात नाही, कुठल्याही चर्चमधून सांगितलेली नाही, अशी एक रीत एवढ्या मोठ्या शहरात घरोघर पाळली जात होती, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिकलेल्या माणसाला तिचा पत्ताही नव्हता.

जरा तो काळ डोळ्यांसमोर आणा. विसाव्या शतकाची सुरुवात. घरोघर कोळशाच्या शेगड्या, हवेत धूर, हिवाळ्यात धूर आणि धुकं एकत्र होऊन समोरचा दिवा दिसेना. पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती यायला अजून तीसेक वर्षं होती. रात्री पोराची छाती घरघरायला लागली की आईच्या हातात करण्यासारखं फार थोडं होतं. त्या थोड्यात ही माळ होती.

आता या गोष्टीतला गाभा सांगतो. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं बोलणं त्यावरच उभं आहे. ही माळ काढायची नसे. एकदा गळ्यात घातली की घातली. आंघोळीलासुद्धा काढायची नाही. मूल मोठं झालं तरी काढायची नाही. काही जणांना तर ती गळ्यात असतानाच पुरलं गेलं.

मी पुन्हा सांगतो. माळ काढायची नसे.

त्या माळेवर कुणी मंत्र घातलेला नाही. धर्मगुरूने आशीर्वाद दिलेला नाही. मणी दुकानातले, स्वस्तातले. मग तिच्यात रक्षण करणारं असं काय होतं? निळा रंग, असं काही जण म्हणतील. मला ते अर्धंच उत्तर वाटतं. निळी माळ शेजारणीच्या पेटीतही असू शकते, ती तिथे कुणाचं रक्षण करत नव्हती. रक्षण होतं ते न काढण्यात. रोज आंघोळ घालताना आईचा हात मानेवरून फिरायचा, बोटांना मणी लागायचे, आणि रोज त्या बाईला ती तशीच ठेवावी लागायची. साबण लावायचा तो माळेखालून. हे सगळं मिळून त्या माळेचं काम होतं. अभ्यासक जेव्हा म्हणतात की वस्तू धार्मिक काम करते, तेव्हा त्यांना हे म्हणायचं असतं. वस्तू, हात आणि नियम. तिन्ही मिळून.

लव्हेट यांनी जमवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन १९१६ साली लंडनच्या वेलकम वैद्यकीय संग्रहालयात भरलं. महायुद्ध चालू होतं, आघाडीवरच्या सैनिकांच्या खिशातही असल्याच वस्तू होत्या आणि त्याही लव्हेट गोळा करत होते. पुढे १९२५ मध्ये त्यांनी या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. त्या निळ्या माळांपैकी काही आजही संग्रहालयांत आहेत.

आणि इथेच एक अडचण आहे. ज्या माळेचं सगळं काम न काढण्यात आहे, ती संग्रहालयात येणार कशी? एक तर ती दुकानातून नवी विकत घेतलेली असणार, म्हणजे तिने काम कधी सुरूच केलेलं नाही. नाहीतर कुणीतरी ती गळ्यातून काढलेली असणार, म्हणजे तिचं काम त्या क्षणी संपलं. काचेच्या पेटीत दोन्ही सारख्याच दिसतात, खाली चिठ्ठीही एकच: निळी माळ, ब्राँकायटिसवर. संग्रहालयांतल्या या चिठ्ठ्यांवर माझा जुना राग आहे. वस्तू कशाची, किती लांबीची, हे असतं. ती कुणाच्या अंगावर होती आणि तिथून कशी निघाली, हे नसतं. दोन ओळी जास्त लिहायला जागा नसते असं मला कुणी सांगू नये.

मग दुकानातली कोणती आणि गळ्यातली कोणती, हे ओळखायचं कसं? बघायचं ते दोऱ्याकडे. मण्याकडे नाही, दोऱ्याकडे. काच घाम पित नाही, सुती दोरा पितो. जिथे दोन मण्यांमध्ये तो उघडा राहतो, तिथे घामाने, तेलाने, मळाने काळवंडतो. मण्याच्या भोकात लपलेला भाग त्या मानाने उजळ राहतो. म्हणजे वापरलेल्या माळेचा दोरा भिंगाखाली पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. शिवाय तो ताणला जातो, त्यामुळे मणी सैल होतात, आणि एकमेकांवर घासून भोकाच्या कडेला काचेची चकाकी जाते. जुनी भासावी म्हणून कुणी माळ चहाच्या पाण्यात बुडवली असेल किंवा धुरावर धरली असेल, तर रंग सगळीकडे सारखा चढतो, भोकाच्या आतही आणि गाठीच्या आतही. खरा मळ कधी सारखा नसतो.

जपमाळेचंही असंच. तिचे मणी लाकडाचे किंवा बियांचे असले तर बोटांनी गुळगुळीत होतात, आणि कोणते मणी किती गुळगुळीत झाले यावरून जप कसा व्हायचा याचा अंदाज बांधता येतो. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, हे तुम्हाला माहीत आहे. आता समजा, एखादा माणूस रोज सुरुवात करतो आणि थोडे मणी झाले की सोडतो. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. वर्षानुवर्षं असं झालं तर मेरूजवळचे मणी दोन्हीकडून झिजतील आणि मधले मणी नव्यासारखे राहतील. अर्थात माळ पुन्हा ओवली असेल तर मणी मागेपुढे होतात आणि हा पुरावा मिटतो. म्हणून आधी गाठ तपासायची, दोरा मण्यांच्या मानाने फार नवा तर नाही ना हे बघायचं, आणि मगच झिजेबद्दल बोलायचं.

हे कल्पनेचे खेळ नाहीत. कॅथरीन रूडी नावाच्या अभ्यासिकेने मध्ययुगीन प्रार्थनेच्या हस्तलिखितांवर नेमकं हेच केलं आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध केलं. पानावरून किती प्रकाश परत येतो हे मोजणारं एक यंत्र असतं. पान जितकं मळकं, तितका प्रकाश कमी. बोटांनी सगळ्यात मळलेली पानं सांगतात की कोणती प्रार्थना जास्त म्हटली जायची. प्लेगपासून वाचवणाऱ्या संत सेबॅस्टियनची प्रार्थना अशीच मळलेली निघाली. आणि उत्तररात्री म्हणायच्या एका प्रार्थनेची फक्त पहिली काही पानं मळकी होती. वाचणाऱ्यांना झोप लागत असावी. पाचशे वर्षांपूर्वीचा तो पेंगुळलेला माणूस मला फार जवळचा वाटतो.

बघा, यातल्या कुणालाही ‘तुमचा विश्वास आहे का’ असं विचारावं लागलं नाही. तो प्रश्नच मुळात कच्चा आहे. माणूस ओशाळतो, किंवा समोरच्याला बरं वाटेल ते सांगतो. चांगले प्रश्न वस्तूबद्दलचे असतात. येशूचं एक चित्र आहे, वॉर्नर सॉलमन या अमेरिकी चित्रकाराने १९४० मध्ये काढलेलं, त्याच्या कोट्यवधी प्रती घराघरांत लागल्या. डेव्हिड मॉर्गन या अभ्यासकाने लोकांनाच त्या चित्राबद्दल लिहून कळवायला सांगितलं. पाचशेहून जास्त पत्रं आली. लोकांनी त्यात नुसती मतं कळवली नाहीत. चित्र घरात कुठे आहे, कुणी दिलं, आजारपणात त्याच्याकडे कसं बघत राहिलो, हे लिहिलं.

तेव्हा श्रोतेहो, घरातल्या कुणा गेलेल्या माणसाची माळ किंवा ताईत तुमच्या हाती आला असेल, तर तो आधी धुऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, आधी धुऊ नका. धुतलं की दोऱ्यावरच्या त्या पट्ट्या गेल्या, आणि त्या परत आणता येत नाहीत. आहे तसाच उजेडात ठेवून फोटो काढा, गाठीचाही काढा. तसबीर उतरवाल तेव्हा तिची मागची बाजू बघा, आणि तिच्यामागे भिंतीवर उरलेला फिकट चौकोन जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून ठेवा. बघणारा उभा असायचा की बसलेला, हे त्या उंचीवरून कळू शकतं.

आणि घरातलं कुणी वडीलधारं माणूस अजून गळ्यात काही घालत असेल, तर ते कशासाठी, हे लगेच विचारू नका. त्यांना विचारा, हे तुम्ही कधी काढता? आणि मग गप्प बसून ऐका.

नमस्कार.