पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाला किती?

परवा विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्तीत एक ताई मला म्हणाल्या, बँक बारा टक्के घेते ओ, हा सावकार तर पाचच घेतो. मी विचारलं, पाच कशाचे? तर म्हणाल्या, महिन्याचे. बँकेचे बारा हे वर्षाचे असतात आणि याचे पाच महिन्याचे, म्हणजे वर्षाला साठ झाले की! आणि हे कुणी त्यांना समजावूनच सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्यांचाच हिशोब बघा. पोरीच्या दवाखान्यासाठी वीस हजार घेतले, महिन्याला हजार रुपये व्याज. वर्षाचं व्याज बारा हजार, म्हणजे समजा वर्षभर काहीच दिलं नाही आणि व्याजावर व्याजही लागलं नाही, तरी वर्षाअखेरीला देणं ३२,००० रुपये. पण सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालतो, मग पहिल्या महिन्याला २१,०००, दुसऱ्याला २२,०५०, असं करत करत बाराव्या महिन्याला साधारण ३५,९१७. म्हणजे दर साठ राहिला नाही, जवळजवळ ऐंशी टक्के झाला.

अजून एक गोष्ट. त्या ताईंना हातात वीस मिळालेच नव्हते, पहिल्या महिन्याचे हजार आधीच कापून एकोणीसच दिले. व्याज मात्र वीसवर चालू! एकोणीसवर हजार म्हणजे महिन्याला सव्वापाचच्या थोडं वर, वर्षाला त्रेसष्ट टक्के. म्हणून पैसे घेताना "किती देणार" असं विचारू नका, हातात आलेल्या नोटा मोजा आणि त्याच आकड्यावर हिशोब करा.

त्यांनी विड्या वळून चौदा महिने हजार-हजार भरलेत, वहीत पेन्सिलीने टिकमार्क केलेत, मी वही बघितली. चौदा हजार गेले आणि मुद्दल? वीसच्या वीस हजार तसंच. कारण तो हजार फक्त व्याजालाच जातो, मुद्दलातला रुपया कमी होत नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. लायसन्स असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून बिनतारण कर्जावर वर्षाला जास्तीत जास्त अठरा टक्के घेता येतात, म्हणजे महिन्याला दीड, आणि चक्रवाढ लावता येत नाही. वीस हजारावर वर्षाचं व्याज ३,६०० रुपये, बास. एकूण व्याजसुद्धा मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. लायसन्स नसताना व्याजाने पैसे देणं हा तर गुन्हाच आहे.

तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची. पण तिथं पुरावा मागतात, आणि रोख दिलेल्या पैशाची पावती सावकार देत नाही, म्हणून हप्ता फोनवरून पाठवा, कोरा चेक आणि कोऱ्या बॉण्डवर सही अजिबात देऊ नका. त्या ताईंचा एक कोरा चेक आजही सावकाराकडे आहे. ती पेन्सिलीची वही मी त्यांना जपून ठेवायला सांगितलीय, सोमवारी आम्ही दोघं ती घेऊन निबंधक कार्यालयात जाणार आहोत.