एका चट्ट्याचे आयुष्य: मुलांमधील गोवर आणि अंगावर उठणारे पित्त

(पालक, बालवाडी शिक्षिका आणि आशा कार्यकर्त्यांसमोर एका बालरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलाच्या अंगावर पुरळ आले की घरातली पहिली चर्चा त्याच्या नावावरून होते. आजी म्हणते गोवर आहे, शेजारीण म्हणते पित्त उठले आहे आणि वडील म्हणतात कालच्या औषधाची रिअॅक्शन आली आहे. मी आज दोन भावंडांची हकिगत सांगणार आहे, कारण एकाच दिवशी एकाच घरातून आलेल्या या दोन मुलांच्या अंगावर दोन अगदी वेगळे आजार होते आणि घरच्यांच्या मते मात्र दोघांनाही गोवर होता.

मार्च महिना होता. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेले एक कुटुंब फडाजवळच्या कोपीत राहत होते. मुलगी पाच वर्षांची आणि तिचा भाऊ अकरा महिन्यांचा. मुलीला दोन दिवस सर्दी आणि थोडी कणकण होती. आदल्या संध्याकाळी तिच्या मांड्यांवर आणि पोटावर फुगीर गांधी उठल्या होत्या आणि ती सारखी खाजवत होती. मुलाला चार दिवस ताप होता, तो वाढत वाढत १०४ अंशांपर्यंत गेला होता, आणि त्या सकाळी त्याच्या कानांमागे व कपाळावर पुरळ दिसू लागले होते. तापाच्या दुसऱ्या दिवशी त्याला कुठूनतरी प्रतिजैविकाचे पातळ औषध मिळाले होते, त्यामुळे वडिलांना औषधाचीही शंका होती.

मी आधी मुलीकडे पाहिले, कारण तिचे निदान सोपे होते. गांध ही त्वचेतून वर आलेली, सपाट माथ्याची सूज असते. तिच्या कडा स्पष्ट असतात, मध्यभाग बऱ्याचदा फिकट असतो आणि खाज तीव्र असते. आपल्या भाषेत याला अंगावर पित्त उठणे म्हणतात, पण यकृतातल्या पित्ताशी त्याचा काही संबंध नाही. त्वचेतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे द्रव्य सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यांतला द्रव आजूबाजूच्या त्वचेत झिरपतो. तो द्रव काही तासांत पुन्हा शोषला जातो. म्हणूनच कोणतीही एक गांध साधारणपणे चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता नाहीशी होते. पुरळ आठवडाभर चालू आहे असे पालकांना वाटते, ते नव्या जागी नव्या गांधी उठत राहतात म्हणून. आमसुलाचे पाणी लावण्याला माझा विरोध नाही, त्याने गार वाटते, मात्र खरा उपयोग सेटिरिझिनसारख्या हिस्टामिनरोधक औषधाचा होतो.

मी आईला बॉलपेन दिले आणि मुलीच्या मांडीवरच्या एका गांधीभोवती रेघ ओढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या वर्तुळात काहीच नव्हते आणि पाठीवर मात्र नव्या गांधी होत्या. ही चाचणी फुकट आहे, घरी करता येते आणि तिचा अर्थ लावायला शिक्षण लागत नाही, म्हणून मी तिच्याविषयी इतक्या आग्रहाने बोलतो. वर्तुळातला चट्टा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, तर ते साधे पित्त नाही असे समजून मुलाला दाखवायला आणावे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गांधी उठल्या की काय खाल्ले याचा शोध सुरू होतो आणि अंडी, शेंगदाणे, दूध एकेक करून मुलाच्या ताटातून काढून घेतले जाते. वास्तविक लहान मुलांमध्ये अचानक उठणाऱ्या पित्ताचे सर्वांत नेहमीचे कारण साधा विषाणूसंसर्ग हेच असते. या मुलीला सर्दी होती, आणि सर्दीशी लढणाऱ्या शरीरानेच मास्ट पेशींना चेतवले होते. म्हणजे ताप आहे म्हणून पित्त नव्हे, असेही म्हणता येत नाही. अन्नाची खरी अॅलर्जी असेल तर गांधी बहुधा तो पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत उठतात आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा उठतात. गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडले, तर मात्र घरी थांबू नये. तेव्हा मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अॅड्रेनालिनचे इंजेक्शन लागते आणि सेटिरिझिनने ती वेळ भागत नाही.

आता मुलाकडे वळू. त्याच्याकडे पाहताना पुरळाआधीच्या चार दिवसांत काय झाले हा प्रश्न मला पुरळापेक्षा महत्त्वाचा वाटला. आईने सांगितले की नाक वाहत होते, कोरडा खोकला होता, डोळे लाल होते आणि उजेडाकडे बघताना तो मिटून घेत होता. ताप, खोकला, सर्दी आणि लाल डोळे ही गोवराची पूर्वतयारी आहे, आणि पुरळ उठते तेव्हा ताप उतरत नाही, उलट चढतो. मी बॅटरीच्या उजेडात त्याच्या गालांच्या आतली बाजू पाहिली. तिथे लालसर पृष्ठभागावर रव्याच्या कणांएवढे पांढुरके ठिपके होते. हेन्री कॉप्लिक या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी ते दिसतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच पुसले जातात, म्हणून ते न दिसल्याने गोवर नाही असे ठरत नाही.

गोवराच्या पुरळाला दिशा असते. ते कानांमागून आणि केसांच्या कडेपासून सुरू होते, चेहऱ्यावर पसरते, दुसऱ्या दिवशी छाती-पोटावर उतरते आणि तिसऱ्या दिवशी पायांपर्यंत पोचते. मावळतानाही ते त्याच क्रमाने मावळते आणि मागे तपकिरी डाग व कोंड्यासारखी सुटणारी त्वचा ठेवते. गांधी मात्र इथून तिथे उड्या मारतात, त्यांना क्रम नसतो. पुस्तकांत गोवराचे चित्र गोऱ्या त्वचेवर लालभडक दाखवलेले असते. आपल्या मुलांच्या सावळ्या त्वचेवर ती लाली लपते आणि त्वचा नुसती काळवंडल्यासारखी दिसते. म्हणून मुलाला खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात पाहावे आणि तळहात फिरवावा, म्हणजे डोळ्यांना न दिसलेली खरखर हाताला लागते.

हे डाग दिवसेंदिवस का टिकतात, याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. गोवराचा विषाणू त्वचेतल्या पेशींपर्यंत पोचतो आणि त्याला मारायला आलेल्या संरक्षक पेशी तिथे गर्दी करतात. हे पुरळ म्हणजे त्या झटापटीची खूण आहे. शोषून जाण्यासारखा नुसता द्रव तिथे नसतो. ‘गोवर आत जिरला तर वाईट’ असे जुन्या बायका म्हणत, त्यामागे मला एक खरे निरीक्षण दिसते. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते, त्यांना कधीकधी पुरळ उठतच नाही आणि तरी आजार फुप्फुसांत भयंकर रूप घेतो. मात्र त्यावरून काढलेला उपाय, म्हणजे पुरळ बाहेर यावे म्हणून औषध बंद ठेवणे आणि मुलाचे खाणे तोडणे, हा घातक आहे. गोवरात मुलाला नेहमीपेक्षा जास्त पाणी आणि जास्त खाणे लागते.

औषधाच्या शंकेचे काय? औषधाचे पुरळही बारीक आणि सर्वांगभर असू शकते, म्हणून वडिलांची शंका वावगी नव्हती. पण असे पुरळ बहुधा धडावर सुरू होते, पहिल्यांदाच दिलेल्या औषधाने यायला सहसा आठवडाभर लागतो आणि त्याच्याआधी डोळे लाल होऊन नाक वाहत नाही. इथे ते औषध जेमतेम दोन दिवस पोटात गेले होते. मी यावर इतका वेळ देतो, कारण ही चूक दोन्हीकडून महाग पडते. मुलाच्या कागदांवर त्या प्रतिजैविकाची अॅलर्जी असल्याचा शेरा जन्मभरासाठी बसतो, आणि खरा गोवर नोंदवला न जाता वस्तीभर पसरतो. पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रुग्ण तो पसरवतो, आणि तो खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेतून लागण होऊ शकते.

इतर विषाणूंच्या पुरळांविषयी थोडक्यातच सांगतो. रोझिओलात तीन-चार दिवस कडक ताप येतो, तो उतरतो आणि मग पुरळ दिसते, म्हणजे गोवराच्या बरोबर उलट. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात आणि नवे, जुने व खपली धरलेले असे सगळे एकाच वेळी दिसतात. हात, पाय आणि तोंडाच्या आजारात फोड तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात असतात. रुबेला सौम्य असतो आणि मानेमागच्या गाठी सुजतात. त्याचा खरा धोका गर्भवती स्त्रीच्या पोटातल्या बाळाला असतो. सौम्य गोवर आणि रुबेला नुसत्या नजरेने ओळखण्याचा हट्ट कुशल डॉक्टरानेही धरू नये. म्हणूनच ताप आणि फोड नसलेले पुरळ असलेले मूल संशयित मानून आरोग्य विभागाला कळवतात आणि रक्त तपासतात. एक खूण मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. काचेचा पेला दाबल्यावरही न पुसणारे जांभळे ठिपके तापासोबत दिसले, तर निदानाचा विचार घरी न करता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

या मुलाची गोवराची लस का राहिली होती? त्याचे नऊ महिने जानेवारीत पूर्ण झाले, तेव्हा कुटुंब फडावर होते आणि कार्ड गावी. बहिणीच्या वेळी आई गावातच असल्याने तिला नऊ महिन्यांनंतरचा आणि दीड वर्षाचा असे दोन्ही डोस मिळाले होते. बारा दिवसांपूर्वी शेजारच्या कोपीतल्या मुलाला ताप आणि पुरळ आले होते, आणि लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंतचा गोवराचा काळ साधारण तेवढाच असतो.

आम्ही रक्ताचा नमुना घेतला. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत ही तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते, म्हणून घशाचा नमुनाही पाठवला. अहवालाची वाट न पाहता जीवनसत्त्व ‘अ’चा एक लाख युनिटांचा डोस त्याच दिवशी आणि तेवढाच दुसऱ्या दिवशी दिला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला याच्या निम्मा आणि वर्षावरच्या मुलाला दुप्पट डोस लागतो. गोवर शरीरातले हे जीवनसत्त्व झपाट्याने संपवतो आणि त्याच्या अभावी डोळ्याचे बुबुळ खराब होऊन अंधत्व येऊ शकते. मी आईला छाती उघडी ठेवून मिनिटभर श्वास मोजायला शिकवले. या वयात शांत असताना श्वास पन्नास किंवा त्याहून जास्त भरला, तर न्यूमोनियाच्या शंकेने लगेच यायचे. तिसऱ्या दिवशी ती रात्री नऊला आली, श्वास चौपन्न होता. मुलाला दाखल केले, आणि सहा दिवसांनी तो घरी गेला. आशाताईंनी त्या वस्तीतल्या लस न झालेल्या मुलांची यादी केली, आणि ज्यांचा संपर्क बहात्तर तासांच्या आतला होता त्यांना लगेच लस दिली, कारण त्या मुदतीत दिलेली लस आजार टाळू शकते.

अहवाल गोवराचा आला. मुलाला घेऊन आई पुन्हा आली, तेव्हा मी त्याला गोवर-रुबेलाची लस द्यायला सांगितली. गोवर होऊन गेल्यावर आता लस कशाला, असे तिने विचारले. तिचा प्रश्न रास्त होता. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, पण त्याच सुईतली रुबेलाची लस त्याला अजून मिळालेली नव्हती.