नकाराची नोंद

(अभ्यासिकेतील टेबल. पुस्तके, मोबाइल, लिहिणारे हात. चेहरा दिसत नाही.)

पुण्याच्या सदाशिव पेठेतील ही एक अभ्यासिका आहे. राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या ज्या तरुणीचे हात आपण पाहत आहोत, तिची ओळख आम्ही जाहीर करणार नाही, आणि पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरातील तारखा व ठिकाणेही बदललेली आहेत. याच अभ्यासिकेत बसणाऱ्या एका तरुणाने तिला लग्नाविषयी विचारले. तिने समोरासमोर नाही म्हटले. त्यानंतरही त्याचे फोन, संदेश आणि वाटेत थांबणे चालूच राहिले. तोंडी दिलेला नकार तिने लेखी कसा केला आणि त्यानंतरचा प्रत्येक प्रसंग पोलिसांसमोर ठेवता येईल अशा रीतीने कसा जपला, हे आपण पाहणार आहोत.

(पेठेतील रस्ता, सकाळची वर्दळ.)

याच पेठेत 27 जून 2023 रोजी नकाराच्या रागातून एका तरुणीवर भर रस्त्यात कोयत्याने हल्ला झाला होता आणि तिथे असलेल्या तरुणांनी धावून जाऊन तिला वाचवले होते.

(कायद्याच्या पुस्तकाचे पान.)

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 78 पाठलागाविषयी आहे. हीच तरतूद 2013 च्या दुरुस्तीने जुन्या दंड संहितेत आली होती. स्त्रीने आपली अनिच्छा स्पष्टपणे दर्शवलेली असतानाही, जवळीक साधण्याच्या हेतूने तिच्या मागे जाणारा आणि तिच्याशी वारंवार संपर्क साधणारा किंवा तसा प्रयत्न करणारा पुरुष या कलमाखाली गुन्हा करतो. म्हणजे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: अनिच्छा स्पष्ट होती, आणि त्यानंतर संपर्क पुन्हा पुन्हा झाला. नकार लेखीच असावा असे कायदा कुठेही म्हणत नाही. मात्र चौकशीच्या वेळी समोरच्याचे पहिले म्हणणे बहुधा हेच असते की तिने कधी स्पष्ट नाही म्हटलेच नव्हते, आणि तारीख-वेळेसह असलेला एक संदेश त्या म्हणण्याला उत्तर देतो.

(मोबाइलचा पडदा. मसुदा टाइप होतो, मग पुसला जातो.)

तिचा पहिला मसुदा असा होता: “सॉरी, सध्या परीक्षा जवळ आली आहे, मला आत्ता यात पडायचं नाही. आपण चांगले मित्र राहू.” यातील प्रत्येक सौजन्य तिच्याच विरोधात वाचले जाऊ शकले असते. “सध्या” म्हटले की परीक्षेनंतर पुन्हा विचारण्याची सोय राहते, “मित्र राहू” म्हटले की संपर्काला परवानगी मिळते, आणि कारण सांगितले की ते कारण खोडून काढण्याचा वाद सुरू होतो. नकाराला कारण देण्याचे बंधन तिच्यावर नव्हतेच.

शेवटी पाठवलेला मजकूर आता पडद्यावर आहे.

“मला तुमच्याशी प्रेमसंबंध ठेवायचे नाहीत आणि लग्नही करायचे नाही. हे मी 4 ऑगस्ट रोजी तुम्हाला प्रत्यक्ष सांगितले आहे. माझा निर्णय अंतिम आहे. यापुढे फोन, संदेश, ई-मेल किंवा समाजमाध्यमांवरून मला संपर्क करू नका, माझ्या मैत्रिणींमार्फत निरोप पाठवू नका, आणि अभ्यासिकेबाहेर किंवा माझ्या राहण्याच्या ठिकाणी मला भेटण्यासाठी थांबू नका.”

त्यात क्षमायाचना नाही, आरोप नाही, धमकी नाही. आधीच्या तोंडी नकाराचा उल्लेख तारखेसह आहे आणि संपर्काचे मार्ग नावानिशी सांगितले आहेत, त्यामुळे मैत्रिणीकरवी आलेला निरोपही पुढे नोंदीत धरता येतो. पाठवण्यापूर्वी तिने त्या चॅटमधील संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद असल्याची खात्री केली, कारण ती समोरच्यालाही चालू करता येते. संदेश वाचला गेल्याची वेळ दिसताच तिने त्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवले.

त्याचे उत्तर आले: “फक्त एकदा भेट, मग कधीच त्रास देणार नाही.” तिने उत्तर दिले नाही. मला या प्रक्रियेतील सर्वांत अवघड पायरी हीच वाटते. रागाने दिलेल्या एका ओळीनेही संभाषण दोन्ही बाजूंनी चालू असल्याचे चित्र उभे राहते, आणि विसाव्या फोनला वैतागून उत्तर दिले तर विसावा फोन केला की उत्तर मिळते एवढेच समोरचा शिकतो.

(वहीची पाने जवळून.)

ही वही शिवलेली आहे, सुट्या पानांची नाही. नोंद त्याच दिवशी, पेनने, मध्ये जागा न सोडता केलेली आहे. पहिल्या पानावर तिने लिहिले होते, “आज पुन्हा माझा पाठलाग केला, फार भीती वाटली.” भीती खरी होती, पण या वाक्यावरून तपास करता येत नाही. पुढच्या पानावरची नोंद पाहा: “19 ऑगस्ट, रात्री 9.10. अभ्यासिकेच्या फाटकासमोर दुचाकीवर थांबला होता. मी निघाल्यावर मेसपर्यंत मागे आला. ‘उत्तर का देत नाहीस’ असे दोनदा म्हणाला. मी बोलले नाही. मेसच्या काकूंनी पाहिले. समोरच्या झेरॉक्स दुकानाला कॅमेरा आहे.” शेवटचे वाक्य सर्वांत घाईचे आहे, कारण कॅमेऱ्यांतील जुने चित्रण काही दिवसांत पुसले जाऊन त्यावर नवे साठते. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिने दुकानदाराला ते जपून ठेवण्याची लेखी विनंती केली. न्यायालयात साक्ष देताना त्या वेळी स्वतः केलेली नोंद पाहून स्मृती ताजी करता येते, ही या वहीची आणखी एक उपयुक्तता आहे.

(मोबाइल आणि लॅपटॉप.)

पडद्याच्या छायाचित्रांत एक चूक सहज होते. व्हॉट्सॲप ताज्या संदेशांवर तारखेऐवजी “आज”, “काल” किंवा नुसता वार दाखवते, त्यामुळे त्याच दिवशी घेतलेल्या छायाचित्रात तारीख येतच नाही. तारीख दिसू लागल्यावर ते पुन्हा घ्यावे लागते. शिवाय नंबर नावाने साठवलेला असेल तर केवळ नाव दिसते, म्हणून पूर्ण नंबर दाखवणारे प्रोफाइलचे पान वेगळे जपायला हवे. तिने संपूर्ण चॅट निर्यात करून स्वतःच्या ई-मेलवर पाठवली. पण मूळ पुरावा तिचा फोनच आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार छापील प्रतींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि शंका आली तर मूळ उपकरण तपासले जाते. म्हणून तो फोन विकायचा नाही, फॉरमॅट करायचा नाही.

पुरावा जमावा म्हणून त्रास सहन करण्याची अट कोणीही घातलेली नाही. तिने नंबर ब्लॉक केला, तेव्हा अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले आणि त्यांचीही नोंद झाली. शस्त्राची, ॲसिडची किंवा जिवाची धमकी असेल, तर संदेशाचा मसुदा करत बसायचे नसते, 112 वर फोन करायचा असतो.

(पोलीस चौकीचा बाह्यभाग.)

आत चित्रीकरण करता आले नाही. हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांना तपासासाठी दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची गरज नसते, आणि अशा तक्रारीत स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते. तिने वहीची प्रत, नकाराचा संदेश आणि त्यानंतरच्या प्रसंगांची एक पानी तारीखवार यादी दिली. गुन्हा नोंदला गेला. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र असल्याने तरुणाला जामीन मिळाला, तिला अभ्यासिका बदलावी लागली, आणि खटला अजून चालू आहे. दोष सिद्ध झाल्यास पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो.

पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तिचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबतही हीच यादी, हीच वही आणि तारखेसह असलेला तो एक संदेश जोडायचा असतो.