पगार मास्क केला म्हणता, पण PCL2 उघडून पाहिलंत का?

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "सर, प्रॉडक्शनची कॉपी क्वालिटीत आणली, नावं आणि पगार मास्क केले, आता सिस्टीम टेस्टर्सना द्यायला हरकत नाही ना?" म्हणून आज फक्त सॅपच्या एचआर आणि पेरोलबद्दल बोलतो. माझं रोजचं काम हेच आहे.

सोपा भाग भराभर सांगतो. कॉपी संपली की सिस्टीम कुणासाठीही उघडायची नाही. आधी युजर लॉक करा. BTCTRNS1 चालवून बॅकग्राउंड जॉब्स थांबवा. SCOT मधून बाहेर जाणारे मेल बंद करा, नाहीतर टेस्टिंगमधल्या सॅलरी स्लिपा खऱ्या लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतात. मग नाव, पत्ता, बँक खातं, पॅन, मोबाइल बदला. पॅन बदलताना त्याचा साचा तसाच ठेवा: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमधलं चौथं अक्षर P असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर असतं. साचा मोडला तर चाचणी तपासणीतच अडकते आणि मग कुणीतरी वैतागून खरा पॅन परत टाकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नावाचं एक सांगून पुढे जातो. PA0002 मध्ये नाव बदललं तरी PA0001 मध्ये ENAME नावाचं फील्ड असतं, त्यात पूर्ण नाव पुन्हा लिहिलेलं असतं. मास्किंगनंतर ही क्वेरी चालवा:

```
SELECT a.PERNR, a.ENAME, b.VORNA, b.NACHN
FROM PA0001 a JOIN PA0002 b
  ON b.MANDT = a.MANDT AND b.PERNR = a.PERNR
WHERE a.ENDDA = '99991231' AND b.ENDDA = '99991231'
```

दोन्हीकडे वेगळी माणसं दिसली, तर खरं नाव अजून तिथेच आहे. इथे मी फक्त चालू रेकॉर्ड घेतलेत. जुन्या तारखांचेही तपासा.

आता पगार. यावर मी थांबणार आहे, कारण नव्वद टक्के काम झाल्यावर इथे गाडी घसरते.

एका दर्शकाने लिहिलंय, "आम्ही PA0008 मधल्या सगळ्या रकमा १.३७ ने गुणल्या, म्हणजे कुणाचा खरा पगार कळणार नाही." दादा, कळतो. टेस्टर स्वतःही त्याच कंपनीत नोकरी करतो. त्याचं बेसिक ४२,००० आहे आणि सिस्टीममध्ये ५७,५४० दिसतंय. भागाकार केला की १.३७ हातात आलं. आता साहेबांच्या नावासमोर २,०५,५०० दिसतात, भागा १.३७ ने, १,५०,०००. सगळ्यांना एकच गुणक लावला की एका माणसाचा पगार ठाऊक असणाऱ्याला सगळ्यांचा ठाऊक होतो. त्यामुळे गुणू नका. ग्रेडच्या मर्यादेत प्रत्येकाला नव्याने रक्कम द्या. ज्या ग्रेडमध्ये एकच माणूस आहे, त्याला शेजारच्या ग्रेडमध्ये मिसळा, नाहीतर पद वाचूनच माणूस ओळखू येतो.

समजा तुम्ही हे नीट केलंत. तरी पगार मास्क झालेला नाही. PA0008 मध्ये पगाराची व्याख्या आहे. दर महिन्याला पेरोल चालल्यावर जो हिशेब निघतो, तो PCL2 या टेबलात क्लस्टर म्हणून साठतो. भारताच्या पेरोलसाठी त्या क्लस्टरची ओळख, म्हणजे RELID, असते IN. तिथे रकमा साध्या रकान्यांत नसतात, दाबून बांधलेल्या गाठोड्यासारख्या असतात. म्हणून तुमचं अपडेट स्टेटमेंट तिथे पोहोचतच नाही आणि कुठलीही त्रुटीही दाखवत नाही. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं. टेस्टरने PC_PAYRESULT उघडला की मात्र मार्च महिन्याचा खरा नेट पगार समोर येतो, पुढे मास्क केलेलं नाव. कर्मचारी क्रमांक तोच असल्यामुळे नावाचा उपयोग उरत नाही.

तिसरी बाजू मला जास्त लागते. रक्कम बदलली तरी ओळ राहते. एका कंपनीत मी काम करत होतो. तिथे चाचणीसाठी एका मुलीने सहकाऱ्याचा पेरोल निकाल उघडला. रकमा बदललेल्या होत्या, पण कपातीच्या ओळीत मजकूर होता "न्यायालयीन पोटगी". त्या माणसाने घरातली गोष्ट ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर ती पोहोचली. कुणी मुद्दाम शोधली नव्हती, समोर आली आणि वाचली गेली. म्हणून IT0014 मधल्या वारंवार कपाती, कर्जाचे हप्ते, अपंगत्वाची नोंद असलेला IT0004, यांत रक्कम बदलून भागत नाही. ज्या चाचणीला तो वेज टाइप, म्हणजे कमाई-कपातीचा तो प्रकार, नको, तिथून ती ओळच काढून टाका. चाचणीला हवाच असेल तर बनावट कर्मचारी तयार करून त्याला लावा.

मग PCL2 चं करायचं काय? क्लस्टर उलगडून मास्क करणारी साधनं मिळतात, सॅपचं स्वतःचं टीडीएमएस आहे. तेवढा खर्च नसेल तर मी करतो ते सांगतो. जुने पेरोल निकाल ठेवतच नाही. IN क्लस्टर रिकामा करतो. त्याबरोबर CU क्लस्टरमधली पेरोल निकालांची यादी आणि HRPY_RGDIR, HRPY_WPBP हेही काढावं लागतं, नाहीतर सिस्टीमला वाटतं निकाल आहे आणि तो सापडत नाही. IT0003 मधली "कुठवर पेरोल झाला" ही तारीखही मागे न्यावी लागते. मग मास्क केलेल्या मास्टर डेटावर निवडक कर्मचाऱ्यांसाठी पेरोल पुन्हा चालवतो, आणि तो एप्रिलपासून. इथे लोक घाई करतात. फक्त चालू महिना चालवला तर आयकराच्या हिशेबात वर्षभराची आधीची कमाई आणि कापलेला कर दोन्ही नसतात, टीडीएस चुकतो आणि टेस्टर बिचारा कोडमध्ये दोष शोधत बसतो. याला मर्यादाही आहे: मागच्या आर्थिक वर्षाच्या थकबाकीची चाचणी या पद्धतीने होत नाही. तिच्यासाठी तेवढी वर्षं चालवावी लागतात.

आणखी एक उलटी चूक. क्लस्टर तसाच ठेवून फक्त PA0008 बदललं आणि टेस्टरने जुन्या तारखेपासून सक्तीने फेरहिशेब चालवला, तर नव्या बेसिकची तुलना खऱ्या जुन्या निकालाशी होते. लाखोंची थकबाकी निघते. असा आकडा दिसला की समजायचं, क्लस्टर मास्क झालेला नाही.

"कायद्याने हे सक्तीचं आहे का," असं एका ताईंनी विचारलंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि २०२५ च्या नियमांत अशा उपायांच्या यादीत मास्किंगचं नाव आहे. ताई, टेस्ट सिस्टीममधली माणसंही खरीच आहेत, तिथे वेगळी सूट नाही.

शेवटचा प्रश्न होता, "सगळं झालं, मग अजून कुठे खरा डेटा असतो?" ज्या बॅकअपमधून कॉपी उभी केली ती फाइल बघा. ती बहुतेक वेळा बेसिस टीमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये अख्खी, न मास्क केलेली पडून असते आणि ते फोल्डर वाचायची परवानगी तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त जणांना असते. मास्किंग तपासून झालं की त्याच दिवशी ती उडवा, आणि SP01 मधून प्रॉडक्शनहून आलेले जुने स्पूलही. त्यात छापायला पाठवलेल्या सॅलरी स्लिपा असतात, खऱ्या नावांसकट.